खोक्यांच्या ऑर्डरवर क्वांटिटी डिस्काउंट मागायचा मेसेज नीट कसा लिहायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा पुण्यात चिवडा-चकलीचा छोटा कारखाना आहे आणि खरेदी सगळी माझ्याकडे असते. ओळखीतल्या बऱ्याच जणी (आणि जण) "सप्लायरला रेट कमी करायचा मेसेज जरा बघून दे ना" म्हणून पाठवतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच इथे लिहिते. उदाहरण एकच घेतलंय, पॅकिंगचं पाच प्लायचं खोकं, कारण त्याचा हिशोब मला पाठ आहे. आकडे आमच्या व्यवहाराच्या आसपासचे आहेत, तुमच्याकडे कागदाचा भाव, टेम्पोचं भाडं वेगळं असणार, तर तुमचे आकडे घाला.

"मोठी ऑर्डर आहे, बेस्ट रेट सांगा" असं लिहिलं तर काय बिघडतं?

समोरच्याला हिशोब करायला काहीच मिळत नाही. मोठी म्हणजे किती, एकदम की थोडी थोडी, पैसे कधी, छपाई तीच की बदलणार, यातलं काही न कळता तो रेट सांगणार तरी कसा? मग तो स्वतःला सांभाळून एक आकडा टाकतो, किंवा "या ना ऑफिसला, बसून बोलू" म्हणतो आणि विषय लांबतो. खोकीवाल्याला असे मेसेज दिवसाला किती येत असतील, त्यातले निम्मे नुसती चौकशी करणारे. तुमचाही मेसेज त्याच ढिगात जातो.

३० रुपयांच्या खोक्यात क्वांटिटी वाढली की नक्की काय स्वस्त होतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि हाच कोणी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं खोकं ४०० x ३०० x २५० मिमी, पाच प्लाय, एका रंगाची छपाई. त्याचा शीट उलगडला की लांबी येते लांबी-रुंदीची दुप्पट आणि जोडायच्या पट्टीचे ५० मिमी, म्हणजे १४५० मिमी. दुसरी बाजू म्हणजे रुंदी अधिक उंची, वर थोडं कटिंग, ५७० मिमी. क्षेत्रफळ झालं साधारण ०.८३ चौरस मीटर. कागद वरचा १५० जीएसएमचा, बाकीचे चार १२० चे, त्यातले दोन नागमोडी, आणि नागमोडी कागद सरळ कागदापेक्षा साधारण ४० टक्के जास्त लागतो. सगळं मिळून चौरस मीटरला ७२६ ग्रॅम. म्हणजे खोक्याचं वजन आलं ६०० ग्रॅम.

आता क्राफ्ट पेपर ३४ रुपये किलो धरला तर एका खोक्यात २० रुपये ४० पैशांचा नुसता कागद आहे. उरले ९ रुपये ६० पैसे. यात गोंद, शाई, पिना, वीज, मजुरी, वाया गेलेला कागद, मशीनचं सेटिंग, टेम्पो, उधारीचं व्याज आणि त्याचा नफा, हे सगळं बसलंय.

तुम्ही १००० ऐवजी ४००० खोकी घेतलीत म्हणून पेपर मिल त्याला कागद स्वस्तात देणार नाही, त्याची महिन्याची कागदाची खरेदी कित्येक टनांची असते, त्यात तुमची ऑर्डर किती ती. म्हणजे २०.४० ला हात लागत नाही. तुमचा डिस्काउंट येणार तो त्या ९.६० मधून, आणि त्यातही सगळ्यातून नाही. हे डोक्यात बसलं की "२० टक्के कमी करा" असं तुम्ही परत लिहिणार नाही, कारण २० टक्के म्हणजे ६ रुपये, उरले ३.६०, आणि तेवढ्यात कोणीही खोकं बनवू शकत नाही.

मग टार्गेट रेट काढायचा कसा?

क्वांटिटी वाढल्यावर समोरच्याचे खरंच कुठले पैसे वाचतात ते एकेक करून मोजायचं. आमच्या केसमध्ये तीनच गोष्टी निघाल्या.

पहिली म्हणजे सेटिंग. दुसऱ्या पार्टीचं काम उतरवून आपली साइझ लावायची, छपाईचा स्टिरिओ चढवायचा, शाई जुळवायची, पहिली काही खोकी रद्दीत जातात, यात वेळ आणि माल मिळून १५०० रुपये धरा. १००० खोक्यांवर तो खर्च नगामागे दीड रुपया पडतो, ४००० वर ३८ पैसे. वाचले १ रुपया १२ पैसे. दुसरं टेम्पो. १००० खोकी छोट्या टेम्पोत येतात, खेप १४०० रुपये, म्हणजे नगाला १.४०. १४ फुटी टेम्पोत २००० बसतात, भाडं २०००, म्हणजे नगाला एक रुपया, इथे ४० पैसे. तिसरी गोष्ट उधारी. आम्ही ४५ दिवसांनी पैसे द्यायचो. तो बाजारातून महिना दीड टक्क्याने पैसे फिरवत असेल तर ३० रुपयांवर ४५ दिवसांचे ६५-६७ पैसे होतात, निम्मा ॲडव्हान्स आणि बाकी डिलिव्हरीला दिले तर ते वाचतात.

बेरीज २ रुपये १७ पैसे. म्हणजे २७.८० च्या आसपासचा रेट त्याच्या नफ्याला हात न लावता निघतो. मी मागितले २७.५०, मनात धरले २८. अगदी २७.८० मागितलं तर बोलायला जागा उरत नाही, आणि २५ मागितलं तर सगळा हिशोबच खोटा वाटतो.

पण मला त्याचा सेटिंगचा खर्च, कागदाचा भाव कसा कळणार?

विचारायचं. खरंच, सरळ विचारायचं, कारखान्यात जाऊन चहा घेताना "काका, एक साइझ उतरवून दुसरी लावायला किती वेळ जातो" असं विचारलं तर बहुतेक जण हौसेने दाखवतात. कागदाचा भाव दोन-तीन खोकीवाल्यांना विचारला की अंदाज येतो. आणि खोक्याचं वजन घरच्या काट्यावर करा, त्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही. आकडा १० टक्के इकडेतिकडे झाला तरी चालतो, आपल्याला त्याची बॅलन्स शीट बनवायची नाहीये, मागणी जमिनीवर आहे का एवढंच बघायचंय.

एखादा मेसेज आधीचा आणि नंतरचा दाखवाल का?

हो. हा एका ओळखीच्या मुलाने लिहिलेला मेसेज, त्याचाही माल जवळपास आमच्यासारखाच:

"नमस्कार काका, आम्ही आता मोठी ऑर्डर द्यायच्या विचारात आहोत. पुढे खूप काम देऊ. दुसरीकडे २४ ने मिळतंय. तुमचा बेस्ट रेट द्या, २४ च्या वर परवडणार नाही. अर्जंट कळवा."

यात आकडा एकच आहे, २४, आणि तोच अशक्य आहे. "पुढे खूप काम देऊ" हे वाक्य सप्लायरने आयुष्यभर ऐकलेलं असतं, त्याचे तो एक पैसाही कमी करत नाही. आणि "२४ च्या वर परवडणार नाही" म्हटल्यावर तो नाही म्हणाला तर तुम्हाला परत तोंड उघडायला जागा राहत नाही.

हा मेसेज आम्ही बसून असा केला:

"नमस्कार काका. आपलं नेहमीचं पाच प्लाय खोकं, ४०० x ३०० x २५०, एक रंग, सध्या ३० रुपये अधिक जीएसटी. आजवर आम्ही महिन्याला १००० घेत आलो. दिवाळीचा सीझन धरून या वेळी एकदम ४००० ची ऑर्डर द्यायची आहे. छपाई तीच, काही बदल नाही, त्यामुळे ४००० एकाच रनमध्ये काढता येतील. माल दोन खेपांत घेतो, २००० तयार झाल्यावर लगेच आणि २००० त्यानंतर ३० दिवसांच्या आत. पैसे निम्मे ऑर्डरबरोबर, बाकी त्या त्या खेपेला.

सेटिंग एकदाच लागेल, टेम्पो भरून येईल आणि उधारी राहणार नाही, हे धरून मला २७.५० पर्यंत रेट बसेल असं वाटतंय. कागद आत्ताचाच हवा, खोक्याचं वजन ६०० ग्रॅमच्या आसपास, त्यात कमी करून रेट नको. २७.५० ला जमत नसेल तर कुठे अडतं ते सांगा, किंवा किती नगाला जमेल ते सांगा. शनिवारपर्यंत कळवलंत तर सोमवारी पीओ आणि ॲडव्हान्स दोन्ही पाठवतो."

लांब झालाय, मान्य आहे, पण प्रत्येक वाक्यातून सप्लायरला एक उत्तर मिळतं. टार्गेट रेट शेवटाकडे आहे आणि त्याच्या आधी त्या रेटची कारणं येऊन गेलीत, त्यामुळे आकडा वाचताना तो अंगावर येत नाही. दुसरी गोष्ट, रेट कमी का व्हावा याची कारणं त्याच्या बाजूची आहेत. "आमचं मार्जिन कमी आहे", "मार्केट डाऊन आहे" हे आपलं रडगाणं झालं, त्याने त्याचा खर्च कमी होत नाही.

आमचा वर्षाचा खप १२,००० आहे, तोच आकडा लिहून रेट मागू का?

लिहा, पण तो ऑर्डरचा आकडा म्हणून लिहू नका. इथे खूप जण घसरतात. वर्षाला १२,००० म्हणजे महिन्याला १००० च उचलणार असाल तर सप्लायरला बारा वेळा सेटिंग, बारा वेळा छोटा टेम्पो, म्हणजे त्याचं काहीच वाचलं नाही. त्याने १२,००० चा रेट दिला आणि तुम्ही तिसऱ्या महिन्यात थांबलात तर तो फसला, आणि हे त्याच्या बाबतीत आधी कधीतरी झालेलंच असतं.

तुम्हाला एकदम माल ठेवायला जागा नसेल तर असं लिहा की "४००० एका रनमध्ये काढून तुमच्याकडे ठेवा, मी १००० च्या खेपेने दोन महिन्यांत उचलते, जे ६० दिवसांत उचललं नाही त्याचेही पैसे देते". शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्याशिवाय तो माल त्याच्या अंगावर. आणि हे लिहिताना टेम्पोचे ४० पैसे मागू नका, कारण खेपा छोट्याच राहिल्या. मागणीतून तेवढा भाग स्वतःहून काढलेला दिसला की समोरचा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवतो.

टक्के लिहू की रुपये?

रुपये. "१० टक्के" वाचलं की तो मनात म्हणतो, सगळेच १० टक्के मागतात, आणि ५ वर तोडतो. २७.५० वाचलं की तो कॅल्क्युलेटर काढतो. जीएसटी धरून की सोडून तेही लिहा, आणि माल पोच की तुमच्या टेम्पोने, तेही, नाहीतर दोघे वेगवेगळ्या आकड्यांवर भांडत बसता.

दुसरीकडचं कोटेशन कमी आहे, ते सांगायचं का?

खरं असेल आणि तोच माल असेल तर सांगा. तोच माल म्हणजे तीच साइझ, तेच प्लाय, तोच जीएसएम, तोच बीएफ, म्हणजे कागदाची फुटण्याची ताकद. बहुतेक वेळा २४ वाल्याचं खोकं उचलून वजन केलं की ते ४८०-५०० ग्रॅमचं निघतं, म्हणजे स्वस्त काही नाही, कागदच कमी आहे. असं कोटेशन जुन्या सप्लायरला दाखवलं तर तो एका नजरेत ओळखतो आणि आपलीच शोभा होते. खोटं कोटेशन तर अजिबात सांगू नका, एका एमआयडीसीतले खोकीवाले एकमेकांना ओळखतात, कागद एकाच डीलरकडून घेतात.

ॲडव्हान्स देणं जमत नाही, उधारीच लागते. मग?

मग ते ६५ पैसे सोडून द्या आणि बाकीच्या दीड रुपयावर बोला, २८.५० मागा. डिस्काउंटही हवा आणि "पेमेंट ६० दिवसांनी" पण हवं, हे एका मेसेजमध्ये लिहिलं की सगळी मागणी अवाजवी दिसते.

शिवाय खोकीवाले बहुतेक सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंदलेले असतात. एमएसएमई कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरातला तो नियम आलाय, ज्याला सगळे ४३बी(एच) म्हणतात, त्यात मुदतीनंतर दिलेला पैसा ज्या वर्षी देता त्याच वर्षी खर्चात धरला जातो. मार्चएंडला हे चांगलंच लागतं. तुम्हाला लागू होतं का ते तुमच्या सीएंना विचारा, पण ६० दिवस लिहायच्या आधी विचारा.

माझी ऑर्डर ५०० चीच आहे, मी काही मागूच नये का?

क्वांटिटीच्या नावावर नाही. ५०० वर सेटिंगच नगामागे ३ रुपये पडतं, त्याने तुम्हाला ३० लावलेत तर तो आधीच सांभाळून घेतोय. पण तुम्ही त्याच्या स्टॉकमधली तयार साइझ घेतलीत आणि छपाईऐवजी आपला स्टिकर लावलात तर सेटिंग आणि स्टिरिओ दोन्ही वाचतात. अशा वेळी "तुमच्याकडे नेहमी निघणारी जवळची साइझ कुठली, ती घेतली तर काय रेट" हा मेसेज जास्त उपयोगी.

तो लगेच "ठीक आहे, २६ ला देतो" म्हणाला. झालं ना काम?

नाही, इथे थांबा. आपल्या हिशोबात २७.८० च्या खाली त्याच्या नफ्यातून जातं. कधी मशीन रिकामं असतं म्हणून खरंच कोणी देतो, पण बऱ्याचदा आतला कागद १२० चा १०० होतो, किंवा बीएफ उतरतो, आणि वरून खोकं तसंच दिसतं. आमच्याबरोबर हे झालंय. एकदा रेट पाडून घेतला, खूश झालो, आणि तीन आठवड्यांनी गोडाऊनमध्ये पाच थरांची थप्पी खालच्या थरातून बसली, आतल्या चकल्यांचा चुरा. वजन केलं तर खोकं ५४० ग्रॅमचं. भांडायला काही हातात नव्हतं, कारण आमच्या मेसेजमध्ये कुठेच कागदाचा उल्लेख नव्हता, फक्त साइझ आणि रेट.

तेव्हापासून वजन आणि कागद मेसेजमध्येही लिहिते आणि पीओमध्येही, आणि माल आला की वेगवेगळ्या गठ्ठ्यांतली दहा खोकी काट्यावर ठेवते. पावसाळ्यात कागद ओल धरतो म्हणून वजन थोडं जास्त येतं, त्यामुळे तेव्हा बरोबर ६०० आलं तरी संशय घ्यायचा. छापील मालात नग थोडे कमीजास्त निघतात, त्याची मर्यादा (आमच्यात ५ टक्के) तीही लिहून ठेवा.

जास्त घेतलेली खोकी पडून राहिली तर?

हा विचार मेसेजच्या आधी करायचा. तीन महिन्यांपेक्षा जास्त खपाची खोकी मी घेत नाही, आणि जून ते सप्टेंबर तर त्याहून कमी. दमट हवेत खोकं मऊ पडतं, थप्पी धरत नाही, कोकणात असाल तर आणखी लवकर. दुसरं म्हणजे छपाई. एफएसएसएआयचा नंबर, पत्ता, वजन, यातलं काही बदललं की उरलेला गठ्ठा रद्दी. ३० रुपयांचं एक खोकं वाया गेलं की पंधरा खोक्यांवर वाचवलेले दोन-दोन रुपये गेले.

मध्येच कागदाचा भाव वाढला तर तो रेट पाळेल का?

एका रनच्या ऑर्डरला पाळायला हवा, कारण ॲडव्हान्स घेऊन तो कागद लगेच घेऊ शकतो. हे आपल्या ॲडव्हान्सचं आणखी एक कारण म्हणून सांगता येतं. वर्षभराचा रेट ठरवत असाल तर मात्र तुम्हीच आधी लिहा की कागद किलोमागे २ रुपयांपेक्षा जास्त वर-खाली झाला तर रेट परत बघू. ६०० ग्रॅमच्या खोक्याला किलोमागे १ रुपया म्हणजे ६० पैसे, हा हिशोब दोघांनाही सारखाच लागू, भाव पडला की आपल्यालाही मागता येतं. आमच्या खोकीवाल्या काकांना हे वाक्य रेटपेक्षा जास्त आवडलं होतं.

व्हॉट्सॲपवर पाठवू की ईमेलवर?

जिथे रोज बोलता तिथे. आमचं व्हॉट्सॲपवरच चालतं, मराठीतच. ठरलं की मग पीओ ईमेलवर.

त्याने २८.५० सांगितले. आता काय लिहायचं?

आम्हालाही हेच उत्तर आलं होतं. काकांचं म्हणणं होतं की दुसरे २००० त्यांना ३० दिवस सांभाळायचे, जागा अडते. खरं होतं, ते मी धरलंच नव्हतं. मी लिहिलं, "काका, दुसरी खेप ३० ऐवजी १२ दिवसांत उचलते, जागा करते इकडे. मग २८ ला करा." त्यांनी केलं.

४००० वर ८००० रुपये वाचले, त्यातून आमचे पैसे आधी अडकले त्याचं व्याज दोनेक हजार धरा, म्हणजे हातात सहा हजार. आणि त्या १२ दिवसांसाठी आम्ही वरच्या खोलीतल्या पिठाच्या गोण्या खाली हलवल्या.